मदत हवी आहे: द्राक्ष हंगामात येण्याचं एजिंग आणि बुडीत तरतूद

नाशिकमध्ये खत-औषधांच्या वितरकाकडे उधारी बघतो. ग्राहक निफाड, दिंडोरीचे दुकानदार. मुदत 60 दिवस, पण ऑक्टोबर छाटणीला नेलेल्या मालाचे पैसे द्राक्षं विकल्यावरच, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये येतात.

जानेवारीअखेर येणं 90 लाख. मुदतीतले 30, मुदत उलटून 60 दिवसांपर्यंत 35, 61 ते 120 दिवस 17, त्यापुढचे 8. अनुक्रमे 1, 3, 10 आणि 40 टक्के लावले की तरतूद 6.25 लाख होते. हेच दर मेअखेरही लावतो, ते मला खटकतं. जानेवारीअखेर बिल तारखेपासून 100 दिवस झालेल्या बिलाचे पैसे बहुधा येतात. मेमध्ये तेवढंच जुनं असेल तर हंगाम संपूनही पैसे दिलेले नाहीत.

वसुलीचंही तसंच. जानेवारीच्या सुरुवातीचं येणं 85 लाख, महिन्यातली उधार विक्री 15, वसुली 10. मुदतीतले 30 वगळून वसूल होण्याजोगे 85+15−30, म्हणजे 70. त्यातले 10 आले, जेमतेम 14 टक्के. मालक म्हणतात पोरं फिरतच नाहीत!

एजिंग देय तारखेपासूनच काढतो. टॅलीतल्या ‘ऑन अकाउंट’ जमा बिलांना जोडून झाल्यात, वादातली बिलं वेगळी केलीत. सरसकट मुदत वाढवायला मालक तयार नाहीत.

मागच्या तीन हंगामांचा बिलवार डेटा आहे. त्यावरून जानेवारीअखेर आणि मेअखेरचे बुडीत दर वेगळे काढावेत, की दर एकच ठेवून हंगामी दुकानदारांचा गट वेगळा करावा? आणि वसुलीची टक्केवारी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडली तर पुरे का?