वाढत्या वयातली गुडघेदुखी, टाचदुखी : तुमच्या मुलांचे अनुभव सांगा

खोखोवाल्याची आई : लेक १३ वर्षांचा, वर्षात दोनदा पँटी आखूड झाल्या. दिवाळीनंतर गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलं, हात लावू देईना, चौकात बसून खो मिळाला की उठताना कळ यायची. डॉक्टर म्हणाले ऑसगुड-श्लॅटर, हाड भरभर वाढतंय, मांडीचा स्नायू ताणला जातो आणि नडगीच्या वरच्या कोवळ्या हाडाला ओढतो. तीन आठवडे पूर्ण बंद ठेवलं, दुखणं गेलं, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण सराव केला तर परत जैसे थे! जिल्हा स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे, खेळवावं का?

सिमेंटचं मैदान : आमच्या मुलीची टाच, वय १०. अनवाणी पळायची. सरावानंतर चवड्यावर चालायची, टाच दोन्ही बाजूंनी दाबली की ओरडायची. बुटात मऊ टाचेचं पॅड घातलं, पळणं निम्मं केलं, पोटरीचे व्यायाम रोज. चार महिने कमीजास्त होत होतं, आता बरंय.

भाच्याचा मामा : अहो कॅल्शियम कमी असतं या वयात. भाच्याला गोळ्या दिल्या, महिन्यात पळायला लागला.

सकाळची कळ : माझं वय ४७, अंथरुणातून उठलं की पहिलं पाऊल टेकवत नाही, पॅड मीही घालू का?

फिजिओ : ४७ वालं दुखणं तळपायाच्या पडद्याचं असू शकतं, वेगळं प्रकरण आहे, दाखवून घ्या. मामा, व्हिटॅमिन डी किंवा कॅल्शियम कमी असेल तर द्यायलाच हवं, पण त्याने ओढ थांबत नाही, भाच्याने त्या महिन्यात खेळ कमी केला होता का ते आठवून बघा. आई, पूर्ण बंद आणि एकदम पूर्ण सुरू, तिथेच घोळ झाला. मी मुलांना १० पैकी आकडा विचारते. खेळताना ३ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर आठवड्याचा सराव कमी करा. लंगडला की त्या दिवशी खेळ बंद. भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणं, ३० सेकंद, पाच वेळा, दुखलं तर थोडं वर सरकून. गोळी खाऊन मैदानात नको, दुखणं झाकलं जातं. आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, ताप असेल तर थांबू नका. गुडघा दुखतो पण पाय बाहेर वळवून चालतोय, असं दिसलं तर त्याच दिवशी खुब्याचा एक्सरे काढा.

खोखोवाल्याची आई : काल सराव ४० मिनिटं, आकडा ४, सकाळी २. सर म्हणतात फक्त संरक्षणात खेळवू, चौकात बसायला नको.

फिजिओ : बसणं वाचेल हो, पण पळताना एकदम थांबणं, हुलकावणी, त्यातही मांडीवर जोर येतोच. ४ आला ना, मग उद्या २५ मिनिटं, उड्या नकोत, आणि सकाळचा आकडा इथे कळवा.

सिमेंटचं मैदान : टेंगूळ जातं का पण नंतर?

फिजिओ : दुखणं बहुतेकांचं उंची थांबते तसं जातं, टेंगूळ राहू शकतं. माझ्या भावाला आहे अजून, मांडी घालतो, पण गुडघे टेकून बसला की बोचतं.