टचस्क्रीनमधला एसी आणि भेरूघाटातला पाऊस

हर्डीकर, सुदामानगर, इंदूर: नवी जर्मन गाडी घेतली. एसी, ड्राइव्ह मोड, लेन असिस्ट, सगळं स्क्रीनच्या पोटात. परवा भेरूघाट उतरताना पाऊस लागला, गाडीत चौघे, समोरची काच धूसर. अशा वेळी मेनू धुंडाळायचा? बटणं काढली हा शुद्ध आडमुठेपणा आहे. पटतंय का?

निखिल: नाही पटत, काका. स्टीअरिंगवरचं बटण दाबून बोललं की तापमान बदलतं, स्क्रीनला हात लावायचाच कशाला? आणि काच धूसर झाली की एसी बंद करायचा, झालं काम.

मुक्ता: निखिल, ते अर्धंच बरोबर. शेजारी बसलेल्याला काचेच्या आतून बोट फिरवायला सांगायचं. रेघ उठली तर वाफ आतली, चौघांच्या श्वासाची. मग एसी चालूच ठेवायचा, कारण हवा तोच कोरडी करतो. आतली हवा आतच फिरवणं बंद, तापमान वर, झोत काचेवर. बहुतेक गाड्यांत काचेचं चिन्ह असलेलं MAX हे सगळं एका दाबात करतं. रेघ उठलीच नाही तर काच झोताने गार पडून बाहेरून ओली झालीय. वायपर मारा आणि काचेवरचा झोत कमी करा. काका, मोड कोणता होता?

हर्डीकर: Eco. मोडचा एसीशी काय संबंध?

मुक्ता: बराच. Eco मध्ये बऱ्याच गाड्या कंप्रेसर हात राखून चालवतात, म्हणून ओलावा कमी निघतो. Individual, म्हणजे आपल्या पसंतीच्या मोडमध्ये एसीची वेगळी ओळ असेल तर तो नॉर्मलवर ठेवा, इंजिन Eco वरच राहू द्या. हे घरी, गाडी उभी असताना करा.

जोशीकाकू: आमचं स्टीअरिंग बायपासवर एका बाजूला ओढतं गं. मुलगा म्हणतो अलाइनमेंट.

मुक्ता: काकू, इंडिकेटर न देता पट्टी ओलांडताना ओढतं का? तर तो लेन असिस्ट. तो साधारण साठच्या पुढेच जागा होतो. चाळीसवरही ओढत असेल तर अलाइनमेंट दाखवा. आणि हर्डीकरकाका, त्याचा कॅमेरा आरशामागे, त्याच काचेतून बघतो. तिथे वाफ धरली की तोही आंधळा.

निखिल: पण तो बंद केला तरी पुढच्या स्टार्टला परत चालू, त्याचं काय? शॉर्टकट लावला तरी रोज दाबायचं.

मुक्ता: आपल्या पट्ट्या पुसलेल्या रस्त्यांवर तो वैताग खरा, पण युरोपात 2024 पासून नव्या गाड्यांना तो नियमच आहे.

हर्डीकर: म्हणजे बटणच हवं ना!

निखिल: काका, 2026 पासून गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपच्या गुणांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांना खरी बटणं लागतात. एसी त्या यादीत नाही.

हर्डीकर: यादी करणाऱ्यांना एकदा श्रावणात सिमरोलहून खाली पाठवा. निखिल, तू गाडी चालव, मी मागे बसून बोलतो.