डब्यात मऊ पडलेला चिवडा: तुमचे अनुभव सांगा

जिन्यातली_फोडणी
काल संध्याकाळी जिना चढताना खालच्या मजल्यावरून कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आला आणि मला माझी लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवली. सासूबाई अंथरुणावर होत्या, म्हणून अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा मी एकटीनं केला. पातेल्यात छान कुरकुरीत होता. धनत्रयोदशीला डबा भरला. भाऊबीजेला दादा आला, डबा उघडला तर चिवडा चामट! दादानं एक शब्द न बोलता दोन वाट्या संपवल्या. ते आठवलं की अजून गलबलतं.

पोहे मी नीट भाजले होते, म्हणून चूक कळायला पुढच्या दोन दिवाळ्या गेल्या. कढीपत्ता सकाळी धुतला आणि निथळून तसाच तेलात टाकला. पानं गडद झाली की तळली गेली असं मला वाटायचं. मधली शीर तोवर ओलीच असायची. तेवढं पाणी बंद डब्यात पाच दिवस पोह्यांनी प्यायलं. त्यात डबा भरला तेव्हा चिवडा तळाशी कोमट होता. तुमचं काय चुकलं, कसं सापडलं, लिहा ना.

वडाची_काकू
लेकी, कढीपत्ता आदल्या रात्री धुवायचा आणि पंच्यावर पंख्याखाली पसरायचा. तेलात घातला की आधी खूप फसफसतो, मग बुडबुडे कमी होत जातात. ते थांबेपर्यंत हात आवरायचा. एक पान काढून ताटलीत टाक. टण्णकन वाजलं तर झालं, गुपचूप पडलं तर अजून ठेव. मिरचीचंही तसंच. तुकडे पांढरट होऊन कडक झाले पाहिजेत. मिरचीत पाणी कढीपत्त्यापेक्षा जास्त, आणि तिच्याकडेच कुणी बघत नाही.

रात्रपाळी
खालच्या मजल्यावरून वाटी आली का मग? 😀

जिन्यातली_फोडणी
आली! आज सकाळी. खोबऱ्याचे काप भरपूर होते.

कोकणी_माणूस
आमच्याकडे रत्नागिरीला पाऊस लांबला की दिवाळीतही हवा दमट. आई पोहे उन्हात घालायची, पण ऊन उतरायच्या आत उचलायची. संध्याकाळपर्यंत राहिले तर पुन्हा ओल धरतात. आणि मोठा डबा कुणी उघडायचा नाही. रोजच्यासाठी छोटा बरणीवजा डबा, तो संपला की मोठ्यातून भरायचा. आम्ही पोरं मोठ्या डब्यात हात घालायचो आणि मार खायचो. ओल्या हाताची किंमत तेव्हा कळली नाही.

सुगरण_नाही_पण
माझ्या मते सगळा दोष साखरेचा. साखर घातली की चिवडा मऊ पडणारच. मी दहा वर्षं साखर घातलेली नाही, कधी मऊ पडला नाही.

वडाची_काकू
अर्धं बरोबर आहे हो. साखर ओल ओढते हे खरं. पण आम्ही अर्ध्या किलोला तीन-चार चमचे पिठीसाखर घालतो आणि चिवडा तीन आठवडे टिकतो. गरम फोडणीत टाकली तर विरघळते आणि पोह्यांना चिकटते. गॅस बंद करून, चिवडा हाताला सोसेल इतका निवला की वरून भुरभुरायची.

सुगरण_नाही_पण
हाताला सोसेल म्हणजे कोमटच ना? मग त्यात थोडी विरघळणारच की. मी तरी घालणार नाही. 🙏

पुणेरी_बाबा
दगडी पोहे कुठे मिळतात सध्या? आमच्या वाण्याकडे सगळे नायलॉनच.

रात्रपाळी
बाबा, इथे पातळ पोह्यांचं चाललंय. दगडी पोह्यांचा तळलेला चिवडा वेगळा.

पुणेरी_बाबा
माहीत आहे हो. पातळ पोहे आमच्याकडे आकसतात, गोळा होऊन बसतात, म्हणून विचारलं.

वडाची_काकू
बाबा, आकसतात म्हणजे आच मोठी असते. आधी चाळून भुसा काढा, तो आधी करपतो. अर्धा किलो एकदम घालू नका, दोन घाण्यांत भाजा, जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर सात-आठ मिनिटं. उलथन्यानं ढवळू नका, तुकडे होतात. दोन फडक्यांनी पातेलं धरून वर-खाली करा. चिमटीत चुरडले की पीठ झालं पाहिजे. वाकले, तर अजून दोन मिनिटं.

लीड्सहून
इथे हिवाळ्यात हीटर चालू असतो, घरची हवा इतकी कोरडी की चिवडा उघड्या ताटलीतही मऊ पडत नाही. मागच्या वर्षी मात्र हुशारी करून डबा फ्रिजमध्ये ठेवला. बाहेर काढून तसाच उघडला, मुलांनी खाल्ला, परत आत. चार दिवसांत भिजट. गार चिवड्यावर बाहेरच्या हवेचं पाणी धरतं हे नंतर सुचलं. ओव्हनमध्ये 100 अंशावर ट्रेमध्ये पातळ पसरून दहा मिनिटं ठेवला आणि ट्रेवरच गार होऊ दिला. पोहे परत आले, शेंगदाणे नाही आले.

जिन्यातली_फोडणी
शेंगदाणे का नाही आले?

लीड्सहून
तेच विचारायचं होतं. बाहेरून लालसर, आत दाताखाली लोण्यासारखे.

वडाची_काकू
मोठ्या आचेवर तळलेत. बाहेरून रंग येतो, आत कच्चा राहतो, आणि कच्च्या दाण्यात पाणी असतं. दाणे कोमट तेलात घालायचे, मंद आचेवर. तडतड ऐकू आली आणि सालाला भेगा पडल्या की एक दाणा काढून, गार करून, दोन फाका करून बघा. आतून फिकट बदामी हवा. पांढरा असेल तर थांबा. गडद होईपर्यंत मात्र नको, तेलातून काढल्यावरही आतल्या गरमीनं रंग चढतो. दाणे पूर्ण गार झाल्यावरच पोह्यांत.

नव्या_घरची
माझा मऊ नाही पडत, खवट होतो 😔 पंधरा दिवसांत वास येतो. डबा घट्ट, सगळं कोरडं. सासूबाई म्हणतात तेल जास्त झालं.

कोकणी_माणूस
खोबरं बघा. जुन्या वाटीला आधीच वास असतो, डब्यात तो सगळ्याला लागतो. आई काप करण्याआधी वाटी फोडून हुंगायची आणि एक तुकडा चावून बघायची.

नव्या_घरची
खोबरं वाण्याकडून कापलेलंच आणते. पाकिटातलं.

कोकणी_माणूस
मग ह्या वेळी एक डबा खोबऱ्याशिवाय भरून बघा. तो चांगला राहिला तर सापडलं. नाही राहिला तर तेल किंवा दाणे.

रात्रपाळी
मी चिवडा करत नाही, खातो. पण आमच्या मेसमध्ये रात्री झाकण नीट लावायला कुणी राहत नाही. दुसऱ्या दिवशी वरचा थर मऊ, खालचा कुरकुरीत. मी खालून काढतो.

वडाची_काकू
खालून काढताना सगळा चिवडा मोडतोस रे बाळा. मऊ झालेला वरचा वाटीभर कढईत मंद गॅसवर परत, गार कर, मग खा.

जिन्यातली_फोडणी
काकू, परवा करतेय. कढीपत्ता आत्ताच धुऊन पंच्यावर पसरलाय. ह्या वेळी चिवडा रात्रभर पातेल्यात, वर फक्त मलमलचं फडकं टाकून ठेवणार आणि सकाळी डब्यात भरणार. चालेल ना?

वडाची_काकू
आकाश कोरडं असेल तर चालेल. ढग असतील तर रात्रभर नको. दोन-तीन तासांत तळाशी हात घालून बघ, गार लागला की लगेच भर.

जिन्यातली_फोडणी
ढग आहेत. मग सकाळी लवकर करते. भाऊबीजेला दादा येतोय.