घटस्फोटानंतर माहेरचं नाव: बँक डिक्री घ्यायला तयार नाही

सविता_दारव्हा: आपसी संमतीने घटस्फोट झाला, डिक्रीची नक्कल हातात आहे. आधार, बँक, पासपोर्ट सगळीकडे नवऱ्याचं नाव आणि आडनाव. बँकेत डिक्री दाखवली तर साहेब म्हणाले, यात तुमचं माहेरचं नाव कुठं आहे? पाहिलं तर खरंच नाही. आता कुठून सुरुवात करू?

विठ्ठल_पाटील: ताई, कशाला राजपत्राच्या मागे लागता? डिक्री आली म्हणजे माहेरचं नाव आपोआप परत आलं. पासपोर्टला माझ्या बहिणीची डिक्री चालली.

कोर्टातली_कारकून: पासपोर्टपुरतं दादांचं बरोबर आहे. बँकेचं तसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमात नाव बदलल्याचा पुरावा म्हणून दोनच कागद लिहिलेले आहेत: विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र. तिथं डिक्रीचा उल्लेखच नाही, म्हणून साहेबांचा हात आखडतो. राजपत्र मिळालं की जुन्या नावाचं आधारही त्याच्यासोबत चालतं.

राजपत्राचा अर्ज dgps.maharashtra.gov.in वर होतो. जुनं नाव आधारप्रमाणे आणि नवं नाव दहावीच्या टीसीप्रमाणे, अक्षरन् अक्षर लिहा. आपल्याकडे फक्त आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. 'सविता प्रकाश राऊत'चं 'सविता नामदेव ढोके' होतं, हे दोन्ही बदल एकाच अर्जात यायला हवेत. माझ्या मावसबहिणीने मधलं नाव तसंच ठेवलं आणि तिला दुसऱ्यांदा अर्ज करावा लागला. इंग्रजी स्पेलिंगही पाहून घ्या. टीसीवर Dhoke आणि अर्जात Dhokey झालं, तर तेच पुढे प्रत्येक काउंटरवर अडेल.

सविता_दारव्हा: मग आधी आधार की पासपोर्ट?

कोर्टातली_कारकून: राजपत्रानंतर आधार, मग पॅन आणि बँक. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, लग्नानंतर एकदा बदललं असेल तर ही शेवटची संधी. घाई करू नका. पासपोर्ट सगळ्यात शेवटी. त्यात दुरुस्ती होत नाही, नवा निघतो आणि नंबरही बदलतो. तेव्हा डिक्री आणि माहेरच्या नावाचं ओळखपत्र, दोन्ही न्या.

वऱ्हाडची_लेक: आमच्या समाजात पंचासमोर स्टॅम्पपेपरवर काडीमोड झाली. मले त्याच्यावर राजपत्र भेटन का? कोर्टात गेलोच नाही आम्ही.

कोर्टातली_कारकून: बाई, पासपोर्टवाले स्टॅम्पपेपर मानत नाहीत, कोर्टाचा निकालच मागतात. रूढीने झालेल्या काडीमोडीला हिंदू विवाह कायद्यात जागा आहे, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. तालुक्याच्या वकिलाला विचारा.

जया_काकू: पोरीच्या टीसीवरचं बापाचं नाव यातच निघेल ना?

कोर्टातली_कारकून: नाही काकू. या कागदांनी फक्त आईचं नाव बदलतं, लेकराचं नाही.

सविता_दारव्हा: टीसी पेटीत सापडली. त्यावर 'नामदेवराव' आहे आणि बाबांच्या आधारवर 'नामदेव'. कोणतं धरू?

विठ्ठल_पाटील: टीसीच धरा. पण बँकेत अडलं तर इथं सांगा, बहिणीचं तिथंच अडलं होतं.