सबटायटल वाचल्यावरच का ऐकू येतं?

खारेदाणे :
आमच्या ग्रुपवर परत ते जुनं बेनी लावा फिरतंय. प्रभुदेवाचं तमिळ गाणं आणि खाली इंग्लिशमध्ये काहीच्या काही सबटायटल. पहिल्यांदा मी बसमध्ये मोबाईल खिशात ठेवून नुसतं ऐकलं तर ढिम्म काही कळलं नाही, तमिळ ते तमिळ. घरी येऊन खालचं वाचत वाचत ऐकलं आणि आता मेलो तरी दुसरं काही ऐकू येत नाही. माझं मत असंय की मेंदू गाळलेल्या जागा भरतो वगैरे उगाच मोठ्या गप्पा आहेत, वाचलं म्हणून ऐकलं, विषय संपला. पटत नसेल तर का ते सांगा.

मिसळ कमी तिखट :
अजिबात पटत नाही. गणपतीच्या आरतीला कोण सबटायटल लावतं रे? तरी अख्खी गल्ली "दास रामाचा वाट पाहे सजणा" म्हणते. मी तिसाव्या वर्षी आरतीसंग्रह उघडून बघितला तेव्हा कळलं की ते "सदना" आहे. तोपर्यंत समर्थ कोणत्या सजणाची वाट बघत असतील हा प्रश्न मला एकदाही पडला नाही, हे जास्त भयंकर आहे. आणि "संकटी पावावे"चं "संकष्टी पावावे" तर आमच्याकडे अजून चालू आहे. मी दुरुस्त करायला गेले तर काकूच म्हणाली, तू शहाणपणा करू नकोस.

घाटावरचा :
याला मॉन्डग्रीन म्हणतात. 1954 साली सिल्व्हिया राइट नावाच्या बाईंनी हा शब्द काढला, लहानपणी आई कविता वाचून दाखवायची त्यात "लेड हिम ऑन द ग्रीन" होतं आणि यांना "लेडी मॉन्डग्रीन" ऐकू आलं, म्हणजे मेलेल्या सरदाराशेजारी एक बाई पण मेली. ढगात चेहरा दिसतो ना, तसंच हे. आरती काय, बेनी लावा काय, एकच गोष्ट. मेंदूला अर्थ लागतो, म्हणून तो अर्थपूर्णच ऐकतो.

रिटायर्ड तबलजी :
मुळात आजकालच्या गायकांना शब्द उच्चारताच येत नाहीत. आमच्या वेळी एकेक अक्षर सुटं ऐकू यायचं. ऑटोट्यून बंद करा, सगळं नीट ऐकू येईल.

मिसळ कमी तिखट :
काका, आमच्या मांडवात ऑटोट्यून नव्हतं हो. आणि "आप जैसा कोई"मधलं "बात बन जाए" लोकांनी "बाप बन जाए" ऐकलं ते 1980 सालचं आहे. आपल्याच वेळचं.

कानोकानी :
मी ऑडिओलॉजीत आहे. दिवसभर काम हेच, तोंडापुढे कागद धरायचा, शब्द म्हणायचा आणि समोरच्याने काय ऐकलं ते लिहून घ्यायचं. कागद यासाठी की ओठ दिसले तर माणूस डोळ्यांनी ऐकतो. त्यामुळे चुकीचं ऐकलेल्या शब्दांची माझ्याकडे वह्या भरून रास आहे.

मला वाटतं इथे दोन वेगळ्या गोष्टींचा काला झालाय. आरतीत शब्द आपले आपण ऐकलेत, बेनी लावात ते कोणीतरी हातात दिलेत. पण दोन्हीच्या मुळाशी एकच अडचण आहे, ती म्हणजे बोलण्यात शब्दांच्या मधे जागा नसते. लिहिताना आपण जागा सोडतो म्हणून बोलतानाही असेल असं वाटतं, पण रेकॉर्डिंगचा आलेख काढून बघा, शब्द संपला तिथे आवाज थांबतच नाही, आणि जिथे थांबतो ते बऱ्याचदा शब्दाच्या पोटात असतं, प किंवा ट म्हणायच्या आधी तोंड बंद होतं तिथे. म्हणजे तुकडे पाडायचं काम ऐकणाऱ्याचं.

आता सदना-सजणा बघा. मांडवात शंभर जण, झांजा, टाळ्या, ढोलकी. स्वर लांबवले जातात म्हणून ते टिकतात, व्यंजनं काही मिलिसेकंदांचा खेळ, ती गर्दीत बुडतात. तुमच्यापर्यंत पोचतं ते स, मग अ, मग काहीतरी मऊसं, मग णा किंवा ना. त्या खड्ड्यात बसणारे शब्द डोक्यात किती? "सदना" असं रूप आज कोण बोलतं, आपण "घरी" म्हणतो. "सजणा" मात्र लावणीपासून सिनेमापर्यंत हजार वेळा ऐकलेला. मेंदू ओळखीचा उचलतो.

संकटी-संकष्टी त्याहून मजेदार. झांजेचा जो छस्स आवाज असतो तो स, श, ष याच आवाजांच्या पट्ट्यात पडतो. माझा अंदाज असा की मेंदूला तिथे ष होता की झांज होती हे ठरवताच येत नाही आणि गणपतीसमोर उभे असल्यावर संकष्टी तर जिभेवर तयारच असते.

खारेदाणे :
अंदाज ठीक आहे, पण जागा "भरतो" याला पुरावा काय? चुकून दुसरा शब्द ऐकणं वेगळं आणि नसलेला आवाज ऐकणं वेगळं.

कानोकानी :
रास्त प्रश्न. 1970 साली रिचर्ड वॉरन यांनी एक वाक्य रेकॉर्ड केलं, त्यातल्या "लेजिस्लेचर्स" शब्दातला मधला स कापून काढला, नुसता स नाही तर आजूबाजूचा थोडा आवाजही, आणि तिथे खोकला डकवला. वीस जणांना ऐकवलं. काही गाळलंय का? एकोणीस जण म्हणाले नाही. विसावा हो म्हणाला पण त्याने भलताच आवाज दाखवला. खोकला नेमका कुठे आला हेही कोणाला बरोबर सांगता येईना. आणि खरी गंमत पुढे आहे, खोकल्याच्या जागी नुसती शांतता ठेवली तर लोकांना खड्डा लगेच कळतो. म्हणजे मेंदू उगाच कुठेही भरत नाही, झाकणारा आवाज तिथे असेल तरच भरतो, झाडामागून जाणारी गाडी आपल्याला अर्धी कापलेली वाटत नाही ना, तसं.

खारेदाणे :
बरं, हे मानलं. पण घाटावरचे म्हणतात मेंदूला अर्थ लागतो, तर "सजणा"ला काय अर्थ आहे तिथे? उलट "सदना"च अर्थपूर्ण आहे.

घाटावरचा :
अर्थ म्हणजे शब्दाचा अर्थ म्हणायचं होतं मला.

कानोकानी :
अगदी तेच, फक्त आधी तुम्ही वेगळं लिहिलं होतं. शब्द ओळखला गेला की काम झालं असं मेंदू समजतो, पूर्ण वाक्य तपासायला तो गाण्यात थांबत नाही. बोलण्यात थांबतो. कोणी तुम्हाला म्हणालं "मी सजणात बसलोय" तर तुम्ही लगेच "काय?" म्हणाल. आरतीत, परभाषेतल्या गाण्यात, जुन्या मराठीत वाक्य विचित्र असणार हे आपण धरूनच चालतो, म्हणून तपासणी सैल पडते. म्हणूनच ही मीम्स इतकी अचाट वाक्यं खपवू शकतात.

माटुंग्याचा जावई :
सासर तमिळ असल्याने हा विषय आमच्याकडे होऊन गेलाय, भांडणासकट. मूळ ओळ "कल्लूरि वानिल् काय्न्द निलावो", म्हणजे कॉलेजच्या आकाशात तळपलेला चंद्र की काय. मीममध्ये "माय लूनी बन इज फाइन बेनी लावा". आता हळूहळू म्हणून बघा. लूरि-लूनी, वानिल्-बन इज, काय्न्द-फाइन, आणि "न्द निलावो"चं बेनी लावा. पुढच्या ओळीत "माणवर् नेञ्जिल्"चं "मायनर बन इंजिन", नेञ्जिल् आणि इंजिन एका दमात म्हणा, मानलं पाहिजे त्या माणसाला. स्वर जवळपास जागच्या जागी, ठोका जागच्या जागी, फक्त व्यंजनं हलवलीत. 2007 साली बफलॅक्स नावाने कोणीतरी टाकलेलं हे, गाणं 2000 सालचं.

आणि त्या दुसऱ्या ओळीचा शब्दशः अर्थ विद्यार्थ्यांच्या काळजात चरलेला चंद्र असा होतो, म्हणजे मूळही काही कमी नाही.

बायकोला मात्र हे मीम आवडत नाही. तिचं म्हणणं, तुम्हाला आमची भाषा आवाज वाटते, भाषा वाटत नाही, म्हणून हसू येतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रिटायर्ड तबलजी :
सूनबाई बरोबर बोलतायत.

पुणेरी चष्मा :
जरा वेगळं विचारते. माझ्या आईला हल्ली सगळंच असं ऐकू येतं. मी "शेंगदाणे आण" म्हटलं तर ती "पाहुणे कोण" विचारते. आम्ही हसतो, पण हे मीमवालंच आहे की कानाचं काही?

कानोकानी :
ताई, हसण्यावारी नेऊ नका, एकदा तपासून घ्या. वयाने आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं, त्यात स, श, फ, ट, क असे आवाज पुसट होतात आणि स्वर शाबूत राहतात, त्यामुळे माणूस म्हणतो "ऐकू येतं पण कळत नाही". मग आई उरलेल्या स्वरांवरून अंदाज बांधते. शांत खोलीत समोरासमोर बोलून चुका कमी होतात का बघा आणि ते डॉक्टरांना सांगा.

खारेदाणे :
बरं, मी काल ऑफिसात प्रयोग केला. तमिळ न येणारे चौघे घेतले. दोघांना फोन उलटा ठेवून तीच ओळ तीनदा ऐकवली, म्हटलं जे ऐकू येईल ते लिहा. एकाने "काय लुरी बाने, नीलावो" लिहिलं, दुसऱ्याने फक्त "लावा". बन कोणालाच नाही, लूनी कोणालाच नाही. उरलेल्या दोघांना सबटायटलसकट दाखवलं, दोघेही "हो हो, हेच म्हणतोय" म्हणाले. मग पहिल्या दोघांना वाचायला दिलं, एका सेकंदात त्यांनाही तेच. म्हणजे माझंच बरोबर.

मिसळ कमी तिखट :
तुझं अर्धं बरोबर. आता तेच गाणं आणि खाली "माझ्या मामाचं पत्र हरवलं" लिहून दाखव. येईल का ऐकू?

खारेदाणे :
दाखवलं. नाही येत. हसले सगळे, पण ऐकू नाही आलं.

कानोकानी :
मग तोच मुद्दा. सजेशन चालतं, पण आवाजाने जेवढी मुभा दिली तेवढंच. तुमच्या बाजूनेही एक सांगतो. 1985 मध्ये व्होकी आणि रीड यांनी उलटं वाजवलेलं बोलणं लोकांना ऐकवलं होतं. आपणहून त्यात ठरावीक वाक्यं लोकांना सापडत नव्हती, पण काय ऐकायचं ते आधी सांगितलं की बऱ्याच जणांना ऐकू यायची. तेव्हा अमेरिकेत रेकॉर्ड उलटी वाजवून सैतानाचे निरोप शोधायचं खूळ होतं. तुमचा फोन उलटा ठेवायचा प्रयोग त्याचाच भाऊ. फक्त चौघांवरून फार पुढे जाऊ नका.

माटुंग्याचा जावई :
यात एक राहतंय. बायकोला तमिळ पूर्ण कळतं, तरी सबटायटल वाचलं की तिलाही इंग्लिश ऐकू येतं, मान वर केली की परत तमिळ. तिच्याकडे तर भरायला जागाच नाही, सगळे शब्द माहीत आहेत. मग हे कसं?

कानोकानी :
हे माझ्या मांडणीत नीट बसत नाही. डोळ्यांनी वाचलेलं इतकं जोरात ढकलतं हे मला पटतं, पण पाठ असलेलं गाणंसुद्धा हलतं म्हणजे जरा जास्तच आहे. त्यांना विचारा, वाचताना मूळ तमिळ शब्द पूर्ण नाहीसे होतात की मागे कुठेतरी चालू असतात?

माटुंग्याचा जावई :
विचारलं. म्हणाली आधी ते मीम डिलीट कर, मग सांगते.