पोटात गेलेल्या कोलॅजेनचं पुढे काय होतं

> "शेवटी सगळ्याची अमिनो आम्लंच होतात, मग डाळ खाल्ली काय नि कोलॅजेन पेप्टाइड घेतलं काय?"

बरंचसं होतं, सगळं नाही. प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन या अमिनो आम्लांची जोडी (प्रो-हिप) आतड्यातल्या बहुतेक एन्झाइमांना सहज तुटत नाही, कारण प्रोलीनच्या कड्यामुळे तो बंध अवघडलेला असतो. ती अखंड शोषली जाते आणि घेतल्यावर साधारण तासा-दोन तासांत रक्तात सापडते.

कोलॅजेनचा परिणाम होत असेल तर तो कसा, याची दोन स्पष्टीकरणं देतात: एक, ते अमिनो आम्लांचा नुसता पुरवठा करतं; दुसरं, प्रो-हिपसारखे अखंड तुकडे पेशींना संकेत देतात. आधी 'नुसता पुरवठा' हे म्हणणं तपासू. कोलॅजेनच्या अडीच ग्रॅम डोसात ग्लायसिन हे अमिनो आम्ल जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम. रोज ५०-६० ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्याला ही भर किरकोळच. शिवाय सुटं हायड्रॉक्सिप्रोलीन नव्या कोलॅजेनमध्ये बसतच नाही. त्याला कोडॉन, म्हणजे जनुकातला सांकेतिक शब्द, नाही; पेशी आधी प्रोलीन गुंफते आणि मग क जीवनसत्त्वाच्या मदतीने त्यावर हायड्रॉक्सिल चढवते. म्हणजे एवढ्या कमी डोसाचा परिणाम खरा असेल, तर पुरवठ्याने तो समजावणं कठीण.

संकेताची बाजूही पक्की नाही बरं का. प्रो-हिपने फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी, वाढतात हे दिसलं ते पेशी-संवर्धनात, म्हणजे शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींवर. तिथली मात्रा रक्तातल्यापेक्षा बरेचदा जास्त असते, आणि ती तासन् तास टिकते. रक्तातली लवकर उतरते.

खरी गोम तुलनेत आहे. बऱ्याच चाचण्यांत दुसऱ्या गटाला माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टापासून बनवलेलं निव्वळ कर्बोदक देतात. त्यात फरक दिसला तरी तो पेप्टाइडचा की अमिनो आम्लांचा, कळणार कसं? त्याच प्रमाणात सुटी अमिनो आम्लं दिलेला गट हवा. चाचणी वाचताना आधी तेवढंच शोधा.