शब्दचर्चा : ‘गोव्याचा कोड’ म्हणावे का? GOI, GOX आणि दाबोळी-मोपाचा घोळ

तेरेखोलकाठ : शिरोडा-वेंगुर्ल्याकडच्या घरगुती निवासवाल्यांसाठी मराठी सूचनापत्रक लिहितो आहे. पाहुण्यांना आणि गाडीवाल्यांना तेच पाठवायचे आहे. जुन्या मजकुरात ‘गोव्याचा एअरपोर्ट कोड : GOI’ अशी ओळ आहे. ‘कोड’च्या जागी ‘संकेतांक’ लिहावे का? आणि मोपा सुरू झाल्यावर ‘गोव्याचा कोड’ हा प्रयोग बरोबर राहतो का?

शेवरी : संकेतांक नको. त्यात ‘अंक’ आहे आणि इथे तीन रोमन अक्षरे आहेत. ‘संकेताक्षरे’ लिहा. संक्षेपही नको, कारण संक्षेपातले प्रत्येक अक्षर कशाचे तरी आद्याक्षर असते अशी आपली समजूत असते, ती इथे चालत नाही.

बंदरवाट : चालते की. GOI म्हणजे गोवा इंटरनॅशनल आणि GOX म्हणजे गोवा एक्स्ट्रा, नंतर आलेला जादा विमानतळ. मुंबईचा BOM बॉम्बेवरूनच आला आहे.

उपरलवारा : BOM बद्दल तुमचे बरोबर आहे, पण तेवढ्यावरून नियम निघत नाही. चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळाचा SDW पाहा. S आणि D नावात सापडतात, W कुठेच नाही. तसाच GOX मधला X. ‘एक्स्ट्रा’ हा लोकांनी मागाहून लावलेला अर्थ आहे. शहराचे किंवा विमानतळाचे नाव बदलले म्हणून कोडही बदलतो असे नाही. मद्रासचे चेन्नई झाले तरी MAA तसाच राहिला. मोप्याला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे, पण कोडमध्ये त्याची खूण शोधू नये.

तेरेखोलकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘गोव्याचा कोड’ ही ओळ आजच काढा. कोड विमानतळाचा असतो, राज्याचा नसतो. GOI म्हणजे दाबोळी, GOX म्हणजे मोपा. मोप्याहून प्रवासी विमाने 5 जानेवारी 2023 पासून सुटू लागली आणि दाबोळी बंद झाला नाही. त्याआधी ‘गोव्याचा कोड’ म्हटले तरी कुणाचे नुकसान होत नव्हते. आता दोन्हींमध्ये रस्त्याने साठेक किलोमीटर आहेत, मधे मांडवी आणि झुवारी.

एक कोड मात्र गोव्याचा वाटतो आणि गोव्याचा नाही : GOA. तो इटलीतल्या जेनोवाचा आहे. आपल्याकडच्या संकेतस्थळांवर ‘Goa’ असे नाव टाइप केले की सहसा दोन्ही विमानतळ समोर येतात. पण काही ठिकाणी तीन अक्षरे तंतोतंत जुळणारा विमानतळ सर्वांत वर दिसतो आणि माणूस पहिल्याच ओळीवर बोट ठेवतो. मुंबई-गोवा प्रवासाला बारा-पंधरा तास दिसले, मधे युरोपातला थांबा दिसला किंवा पासपोर्टचा क्रमांक मागितला, तर लगेच मागे फिरावे.

माडाची सावली : यात एवढे काय? कोकण रेल्वेचे कोड आम्ही वर्षानुवर्षे वापरतो. सावंतवाडी SWV, मडगाव MAO, चिपळूण CHI. विमानासाठीही मडगावचा MAO टाकला की दक्षिण गोवा म्हणजे दाबोळीच येणार ना?

उपरलवारा : नाही ताई, ते टाकू नका. रेल्वेचे कोड वेगळ्या वहीतले. विमानाच्या वहीत MAO म्हणजे ब्राझीलमधले मनाऊस, आणि CHI म्हणजे शिकागो शहर.

मात्र तुमच्या CHI मुळे एक कामाचा मुद्दा निघाला. शिकागोचा CHI हा एका विमानतळाचा कोड नाही, तो शहराचा सामायिक कोड आहे. त्याखाली ORD आणि MDW हे वेगवेगळे विमानतळ येतात. लंडनचा LON तसाच, त्याखाली LHR, LGW आणि आणखी काही. असा कोड शोधायला आणि भाडे पाहायला उपयोगी, पण विमान उतरते ते एका ठरावीक विमानतळावर. म्हणून तिकिटावर आणि सामानाच्या पट्टीवर विमानतळाचा स्वतःचा कोड पाहायचा.

शेवरी : म्हणजे मराठीतही दोन शब्द हवेत. ‘शहरसंकेत’ आणि ‘विमानतळसंकेत’. एकच ‘कोड’ म्हटले की हा फरक बुजतो.

तेरेखोलकाठ : शब्द आवडले. पण गाडीवाला ‘विमानतळसंकेत’ म्हणेल असे वाटत नाही. त्याला ‘कोड’च कळेल. आणि प्रत्यक्षात चूक नेमकी कुठे होते, तेही कुणी सांगा. त्याप्रमाणे पत्रकाची रचना करता येईल.

उपरलवारा : बहुतेक वेळा चूक परतीच्या तिकिटात होते. येण्याचा आणि जाण्याचा विमानतळ एकच असेल, असे आपण गृहीत धरतो. शोधताना ‘गोवा, सर्व विमानतळ’ असे निवडलेले असते आणि भाडे कमी म्हणून यंत्रणा दोन वेगळ्या विमानतळांची जोडी सुचवते. समजा, येतानाचे तिकीट BOM–GOX आणि जातानाचे GOI–BOM, सुटण्याची वेळ 10:40. पाहुणे मोप्याला उतरले, गाडीवाल्याने तिथूनच आणले, त्यामुळे परतताना तो न विचारता गाडी मोप्याकडे वळवतो. 9:00 ला गाडी दारात. प्रवेशदारावरचा सुरक्षा दलाचा जवान तिकीट पाहतो आणि सांगतो, हे विमान इथून नाही. सामान देण्याची खिडकी समजा 60 मिनिटे आधी बंद होते, म्हणजे 9:40 ला. हाती 40 मिनिटे आणि पुढे दीड तासाचा रस्ता. नुसती हातातली पिशवी असली तरी सुमारे 10:30 ला पोहोचून उपयोग नाही, कारण फाटकही 20-25 मिनिटे आधी बंद होते.

म्हणून तपासणी आदल्या संध्याकाळी, घरी. आणि दोन्ही फेऱ्यांची वेगवेगळी.

बंदरवाट : पण बोर्डिंग पास फोनवर निघाला म्हणजे सगळे ठीक आहे असेच ना? चूक असती तर यंत्रणेने पास दिलाच नसता.

उपरलवारा : यंत्रणेला तुमचे तिकीट ठाऊक असते, तुमची गाडी कुठे चालली आहे ते नाही. GOI चा पास मोप्याच्या दारात उभे राहूनही फोनवर निघतो. पासवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रात नाव आणि आरक्षण क्रमांकानंतर निघण्याचा आणि पोहोचण्याचा कोड सलग साठवलेला असतो, असा :

```
GOIBOM
```

ते चित्र दारावर वाचले जाते तेव्हा विसंगती उघड होते. तोवर उशीर झालेला असतो. पासवर तेच कोड मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, डावीकडचा निघण्याचा. तेवढे एक पाहावे.

माडाची सावली : आणि गाडीवाल्याला फोनवर कोड सांगितला तर? आय आणि एक्स नीट ऐकू येत नाहीत, रेंजही जाते.

शेवरी : फोनवर कोड सांगूच नका, गावाचे नाव सांगा. मात्र इथे आपल्या भाषेचा एक सापळा आहे. दाबोळी हा ‘ब’चा शब्द आहे. पुष्कळ जण ‘दाभोळी’ म्हणतात आणि तसेच लिहितात. आपल्या वेंगुर्ले तालुक्यात दाभोली गाव आहे आणि दापोली तालुक्यात दाभोळ बंदर. नकाशावर घाईत ‘दाभोली’ टाइप केले तर गाडी वेंगुर्ल्यातच फिरेल. म्हणून ‘दाबोळी, वास्कोजवळ’ आणि ‘मोपा, पेडण्याजवळ’ असे जोडूनच बोलावे. ‘उत्तर गोवा’, ‘दक्षिण गोवा’ हे शब्द टाळा. शिरोड्याच्या माणसाच्या दृष्टीने अख्खा गोवाच दक्षिणेला.

रापणकार : माका एक सांगा. पोराचा दुबईचा तिकीट आसा, त्याच्यार BOM लिवलेला आसा. आता नवी मुंबईचो विमानतळ झालो म्हणतत. आमी रेल्वेन पनवेलाक उतारलव तर चलात मां?

उपरलवारा : काका, BOM असेल तर पनवेल नको. BOM म्हणजे अंधेरी-विलेपार्ल्याकडचा जुना विमानतळ. तुमची गाडी थांबत असेल तर ठाणे किंवा दादर गाठा आणि तिथून जा. नवी मुंबईचा कोड NMI आहे. तो तिकिटावर असता तर पनवेल अगदी बरोबर होते. डिसेंबर 2025 पासून तिथून विमाने सुटतात, त्यामुळे कोकणातून जाणाऱ्यांनी आता ‘मुंबई’ हा शब्द वाचून थांबू नये.

आणखी एक, तिकिटावर T1 की T2 तेही पाहा. दोन्ही टर्मिनलांचा कोड BOM च, पण दारे वेगवेगळ्या बाजूंना. तीन अक्षरे टर्मिनल सांगत नाहीत.

रापणकार : मगे मडगावसून NMI आणि थयसून दुबईक BOM, अशी दोन तिकिटा एजंट देता हा. स्वस्त पडता म्हणान.

उपरलवारा : वेगवेगळी तिकिटे असतील तर सामान आपोआप पुढे जाणार नाही. NMI ला पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, खाडी ओलांडून मुंबई गाठायची, पुन्हा सामान द्यायचे, मग इमिग्रेशन. मधे सात-आठ तास नसतील तर घेऊ नका. आणि काका, मडगावला विमानतळ नाही. पहिल्या तिकिटावर GOI आहे की GOX, ते एजंटकडून आजच पाहून घ्या.

तेरेखोलकाठ : पत्रकातली ओळ आता अशी केली आहे. बघून सांगा.

‘येताना आणि जाताना दोन्ही तिकिटांचे फोटो पाठवा. विमानतळाचा कोड तिकिटावर आहे तसाच पाहा : GOI – दाबोळी (वास्कोजवळ), GOX – मोपा (पेडण्याजवळ), SDW – चिपी (परुळ्याजवळ). GOA हा कोड गोव्याचा नाही. गाडी ठरवताना कोड नको, गावाचे नाव सांगा.’

शेवरी : छान. कोड रोमनमध्येच ठेवलात ते योग्य. ‘जीओएक्स’ लिहिले असते तर पाहुण्याला तिकिटाशी जुळवून पाहता आले नसते. फक्त ‘कोड’ऐवजी ‘संकेताक्षरे’ असावे, हे माझे म्हणणे कायम आहे.

बंदरवाट : माझे मत ‘कोड’ला. पत्रक गाडीवाला वाचणार आहे. आणि हाताने लिहून देणार असाल तर GOI मधला I वर-खाली आडव्या रेघा देऊन काढा, नाहीतर तो एक वाटतो.

उपरलवारा : विमान कुठे पोहोचले ते फोनवर पाहणाऱ्या गाडीवाल्यांसाठी एक ओळ वाढवा. त्या अ‍ॅपमध्ये कधी चार अक्षरे दिसतात. दाबोळी VOGO, मोपा VOGA. हे वैमानिकांच्या आणि हवाई नियंत्रणाच्या वापरातले वेगळे कोड आहेत, तिकिटावर येत नाहीत. शेवटची तीन अक्षरे वाचून ‘OGA म्हणजे गोवा, म्हणजे जुना दाबोळी’ असा अंदाज बांधला की तो नेमका उलटा पडतो.